पत्रात निदान नसतं, काम असतं

“मॅडम, ऑफिसला पत्र द्याल का? पण मला काय झालंय ते त्यात येऊ देऊ नका.”

हो, देते. आजाराचं नाव नसलं म्हणून पत्र लंगडं पडत नाही. ‘पॅनिक डिसऑर्डर’ हे दोन शब्द वाचून तुमच्या मॅनेजरला सोमवारी सकाळी काय बदलायचं ते कळणार नाही. ‘मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी मिळावेत’ हे वाचलं की लगेच कळेल.

हे मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात एकीला पत्र देताना मी सावधपणे एवढंच लिहिलं होतं, ‘सध्या यांच्यावरचा कामाचा ताण कमी ठेवावा.’ आजाराचं नाव कुठेच नव्हतं, म्हणून मी निश्चिंत होते. कंपनीने तिला प्रोजेक्टवरून काढलं. सगळ्या टीमने कारण विचारलं आणि जे झाकायचं होतं त्याचीच चर्चा झाली. पत्र मोघम असलं की वाचणारा आपल्या भीतीप्रमाणे अर्थ लावतो.

त्यानंतरचं एक पत्र सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हिंजवडीत काम करणारी मुलगी, वय तिशीच्या आसपास. मीटिंगमध्ये अचानक नाव घेऊन प्रश्न विचारला की छाती धडधडायची, आवाज अडकायचा, मग तासभर कामात लक्ष लागायचं नाही. तिला पूर्ण घरून काम हवं होतं. मी ते लिहायला तयार झाले नाही, आणि त्याचं कारण तिला समजावून सांगितलं. चिंतेत माणूस जे टाळतो ते आणखी भीतीदायक होत जातं. सहा महिने ऑफिस टाळलं असतं, तर सातव्या महिन्यात तिला लिफ्टपर्यंतही जाववलं नसतं. सोय अशी हवी की माणूस त्या खोलीत जाऊ शकेल. खोलीच रद्द करून चालत नाही.

मग आम्ही दोघींनी बसून पत्र लिहिलं. ‘या माझ्याकडे आरोग्याच्या कारणासाठी उपचार घेत आहेत. पूर्वसूचनेशिवाय मोठ्या गटापुढे बोलावं लागल्यास काही काळ यांच्या एकाग्रतेवर परिणाम होतो. नेमून दिलेलं काम त्या पूर्ण करू शकतात.’ हे शेवटचं वाक्य मी आवर्जून घालते. पुढे शिफारशी होत्या: मुद्दे आदल्या दिवशी लेखी मिळावेत, पहिले चार आठवडे सादरीकरण तीन-चार जणांपुढेच असावं आणि मग पूर्ण टीमपुढे, गरज पडल्यास दहा मिनिटं न विचारता बाहेर जाता यावं, दर बुधवारी चारला निघता यावं. आठ आठवड्यांनी फेरआढावा. तारखेशिवाय पत्र मी देत नाही, कारण मुदत दिसली की कंपनीही सहज तयार होते आणि सोय कायमची कुबडी होत नाही.

प्रत्येक वाक्यावर मी तिला विचारलं, “हे तुमच्या मॅनेजरने वाचलं तर चालेल?” एकाग्रतेचं वाक्य एचआरपुरतं ठेवायचं तिने ठरवलं. म्हणून दोन पानं केली: पहिलं एचआरच्या फाइलसाठी, दुसऱ्यावर फक्त शिफारशी, मॅनेजरसाठी. तिने लेखी संमती दिली आणि पत्र तिच्याच हातात दिलं. कधी पुढे करायचं, करायचं की नाही, हे तिने ठरवायचं.

गुपित बहुतेक वेळा मजकुरातून फुटत नाही, कडेने फुटतं. लेटरहेडवर ‘चिंता व नैराश्य उपचार केंद्र’ असं छापलेलं असेल तर आत काहीही लिहा, उपयोग शून्य. मी साधं लेटरहेड वापरते: नाव, पदवी, नोंदणी क्रमांक. पदवीवरून मी मानसतज्ज्ञ आहे एवढं कळतंच. ते लपत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पीडीएफ फाइलच्या नावातही आजार नको.

एचआरचा फोन येतो. “नक्की काय आहे, फक्त आम्हाला सांगा.” पत्रात आहे त्यापलीकडे मी काही सांगत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, हे शांतपणे सांगते आणि विचारते, “यातली कोणती शिफारस जमणार नाही?” बोलणं तिथून कामाकडे वळतं. त्या मुलीच्या कंपनीला बुधवारचे चार जमत नव्हते. आम्ही साडेपाच केले.

मात्र हे पत्र म्हणजे शिफारस, हुकूम नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये वाजवी सोयींची तरतूद आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसतं. म्हणून एकही शिफारस अशी लिहीत नाही, जी मॅनेजरला त्याच आठवड्यात अमलात आणता येणार नाही.

आठ आठवड्यांनी ती फेरआढाव्याला आली. दहा मिनिटांची सोय तिने दोनदाच वापरली होती. नव्या पत्रातून ती काढायला तिनेच सांगितलं. आदल्या दिवशीचे मुद्दे मात्र तिला अजून हवे होते.