नागपूरला पाठवलेला तानपुरा आणि कुरिअर कंपनीकडचा भरपाईचा दावा

माझी भाची नागपूरला गाणं शिकते. तिच्यासाठी माझ्याकडचा एक तानपुरा ठाण्याहून पाठवायचा होता. तानपुऱ्याचा जीव भोपळ्यात असतो आणि प्रवासात पहिल्यांदा जातो तोही भोपळाच. म्हणून तारा सैल करून, घोडी कापडात गुंडाळून मी तो नौपाड्यातल्या वाद्यांच्या दुकानात नेला आणि तिथल्या कारागिराकडून लाकडी क्रेटमध्ये बसवून घेतला. भोपळ्याखाली आणि चहूबाजूंनी फोम होता. क्रेट बंद करण्याआधी आणि केल्यानंतर असे फोटो काढले.

कुरिअरच्या काउंटरवर दोन गोष्टी आग्रहाने करून घेतल्या. पावतीवर वस्तूची घोषित किंमत 30,000 रुपये लिहायला लावली. तिथल्या मुलाने विचारलं, "मॅडम, रिस्क आमची की तुमची?" मी म्हटलं, तुमची. त्यासाठी त्याने 300 रुपये जास्त लावले. मूळ भाडं 2,100, जोखीम शुल्क 300, त्यावर जीएसटी 432, असे एकूण 2,832 रुपये भरले. जोखीम शुल्काची ओळ बिलावर वेगळी छापलेली होती. पुढे सगळं प्रकरण याच ओळीवर फिरलं.

क्रेट नागपूरला पोहोचला तेव्हा त्याची खालची एक फळी आत दबून फुटलेली होती. भाचीने दारातूनच फोन लावला. डिलिव्हरीवाला म्हणत होता, "ताई, आधी सही करा, मग उघडून बघा. मला अजून बऱ्याच डिलिव्हऱ्या आहेत." मी तिला सांगितलं की शेरा लिहिल्याशिवाय सही करायची नाही. त्याच्या हातातल्या यंत्रावर फक्त सहीपुरती जागा होती, शेऱ्याला नाही. मग तिने पोचपावतीची कागदी प्रत मागून घेतली आणि तिच्यावर लिहिलं: "क्रेटची फळी फुटलेली आहे. पाहणीच्या अटीवर स्वीकारले." खाली तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या. त्या कागदाचा फोटो तिने लगेच मला पाठवला. नुसती सही झाली असती, तर "माल सुस्थितीत मिळाला" असा तिचा अर्थ लावायला कंपनीला जागा मिळाली असती.

क्रेट उघडताना तिने सलग व्हिडिओ घेतला. सुरुवातीला लेबलवरचा डॉकेट नंबर दिसतो, मग फुटलेली फळी, मग आतला फोम, मग तानपुरा. फळी जिथे आत दबली होती त्याच्या बरोबर समोर भोपळ्याला तडा होता. भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी तबलीच्या जोडापासून निघून तो खाली बुडापर्यंत गेला होता आणि मधे एक छोटा तुकडा आत ढकलला गेला होता. बोटाने टकटक केलं की चांगला भोपळा घुमतो. इथे नुसता भदभद आवाज येत होता. फळीची खूण आणि तडा एका रेषेत दिसतील असा एक फोटो मी तिच्याकडून मुद्दाम काढून घेतला. क्रेट, फोम, खिळे, काहीही टाकायचं नाही असंही सांगितलं. कंपनीचा माणूस पाहणीला आला आणि पॅकिंगच समोर नसलं, तर दोष पॅकिंगवर ढकलणं फार सोपं असतं.

पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतं की नुकसान सात दिवसांत लेखी कळवावं. मी त्याच संध्याकाळी ईमेल केला, पण त्यात रक्कम लिहिली नाही. फक्त नुकसान कळवलं, फोटो जोडले आणि दोन मागण्या केल्या: पाहणी करा आणि नुकसानीचा दाखला द्या. कुरिअरवाले त्याला डॅमेज सर्टिफिकेट म्हणतात. आपल्या ताब्यातला माल या अवस्थेत पोहोचला, हे कंपनीने स्वतः लेखी मान्य करणं म्हणजे तो दाखला. पाहणीला नागपूरच्या शाखेतला माणूस आला, त्याने फोटो काढले आणि दाखल्यावर "बाह्य आघाताने क्रेट तुटलेला" असं लिहून दिलं. हे चार शब्द माझ्यासाठी फार मोलाचे ठरले.

मग रक्कम ठरवायची होती. पहिला मोह होतो तो पूर्ण 30,000 मागण्याचा. मी तो टाळला. पूर्ण किंमत दिली की कंपनी तुटलेली वस्तू स्वतःच्या ताब्यात मागू शकते, आणि मला तानपुरा घालवायचा नव्हता. दांडी चांगली होती, खुंट्या चांगल्या होत्या, गेला होता तो भोपळा. शिवाय जुन्या वाद्याचं खरेदीचं बिल कुठून आणणार? दुरुस्तीच्या खर्चाला मात्र कागद मिळतो. मिरजेच्या एका कारागिराला फोटो आणि व्हिडिओ पाठवले. त्यांनी लेटरहेडवर अंदाजपत्रक दिलं: नवा भोपळा बसवणं, तबली पुन्हा जोडणं, पॉलिश आणि जवारी मिळून 11,500 रुपये. त्याच पत्रात तानपुऱ्याची आजची किंमतही त्यांनी लिहून दिली. घोषित किमतीला आधार म्हणून ती उपयोगी पडली.

दाव्याचं पत्र एका पानाचं ठेवलं. त्यातला मुख्य भाग असा होता:

"वरील डॉकेटने ठाणे येथून पाठवलेला तानपुरा (घोषित किंमत रु. 30,000) नागपूर येथे तुटलेल्या अवस्थेत मिळाला. पोचपावतीवर तसा शेरा आहे. आपल्या शाखेने दिलेल्या दाखल्यात बाह्य आघाताची नोंद आहे. बुकिंगच्या वेळी आपण जोखीम शुल्क रु. 300 घेतलेले आहे. माझी मागणी: दुरुस्ती रु. 11,500, नागपूर ते मिरज व परत वाहतूक आणि नवीन क्रेट रु. 4,800, आपल्याला दिलेले भाडे रु. 2,832, एकूण रु. 19,132. ही रक्कम पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी."

मानसिक त्रासाची रक्कम मी या पत्रात घातली नाही. कंपनीच्या दावे विभागाला तशी रक्कम मंजूर करायचा अधिकारच नसतो, ती ग्राहक आयोग देतो. पहिल्याच पत्रात मोठा आकडा टाकला की फाइल वरच्या टेबलावर जाते आणि तिथेच पडून राहते.

उत्तर आलं ते असं: "आमच्या अटींनुसार कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त रु. 2,000 आहे. सदिच्छा म्हणून ती रक्कम देत आहोत." सोबत सही करायला एक फॉर्म होता, "पूर्ण व अंतिम समझोता". यावर सही केली की पुढची सगळी दारं बंद, म्हणून मी तो तसाच ठेवला आणि ही रक्कम मान्य नसल्याचं त्याच दिवशी ईमेलने कळवलं.

या टप्प्यावर ओळखीच्या एका वकील ताईंचा सल्ला घेतला. त्यांनी पहिल्यांदा माझा राग बाजूला ठेवायला लावला. "अटी अन्यायकारक आहेत" एवढं लिहून भागत नाही. पावतीवर ग्राहकाची सही असेल तर जबाबदारीची मर्यादा ग्राहकावर बंधनकारक ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये एका कुरिअरच्याच प्रकरणात सांगितलेलं आहे. म्हणून त्या म्हणाल्या, अटींशी भांडू नका, ही मर्यादा तुम्हाला लागूच होत नाही हे दाखवा.

त्यासाठी 2007 चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा आहे. घरून घरी सामान पोहोचवणाऱ्या कुरिअर कंपन्या त्याच्या व्याख्येतच येतात. या कायद्यानुसार वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित असते, पण पाठवणाऱ्याने किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर भरला असेल तर ती मर्यादा राहत नाही. ते 300 रुपये म्हणजे तोच दर. आणि समजा ते भरले नसते, तरी 2011 च्या नियमांतली मर्यादा आहे भाड्याच्या दहा पट, घोषित किमतीच्या आत. 2,100 ची दहा पट होते 21,000. माझी पूर्ण मागणी त्याच्याही आत बसत होती. हे गणित ताईंनी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा 2,000 चा आकडा कुठल्याच बाजूने उभा राहत नाही, हे मला स्वच्छ दिसलं. माल हानी न होता पोहोचवायची जबाबदारी वाहतूकदाराची असते, आणि त्याचा निष्काळजीपणा ग्राहकाने सिद्ध करावा लागत नाही, हेही याच कायद्यात आहे.

याच कायद्याच्या कलम 16 प्रमाणे दावा लावण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. दिवस माल मिळाल्यापासून मोजायचे नाहीत, बुक केल्यापासून मोजायचे. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षं मिळतात, म्हणून लोक निवांत राहतात. इकडे कंपनीचं ईमेलवरचं "तपास चालू आहे" लांबत जातं आणि ही मुदत हातातून निसटते. माझ्या बाबतीत ती अजून बाकी होती. नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशी पाठवली. नुसता ईमेल ताईंना पुरेसा वाटला नाही. मजकूर तोच होता, फक्त या कायद्याचा आधार आणि पुढचं पाऊल त्यात घातलं: रक्कम न मिळाल्यास ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू आणि तिथे मानसिक त्रास व खर्चही मागू. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, त्यामुळे कंपनीचं कार्यालय कुठेही असलं तरी मला ठाण्याबाहेर जायचं कारण नव्हतं. दिलेलं भाडं पाच लाखांच्या आत असल्यामुळे तक्रारीला शुल्कही नव्हतं. सोबतीला 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक नोटिशीत टाकला.

नोटीस पोहोचल्यावर पहिल्यांदाच एका अधिकारी माणसाचा फोन आला. त्यांचा मुद्दा पॅकिंगचा. तानपुऱ्यासारखी नाजूक वस्तू, फोम कमी पडला असेल. मी त्यांना तोच फोटो उघडायला सांगितला, फळीची खूण आणि तडा एका रेषेत असलेला. पॅकिंग कमी पडून वस्तू आतल्या आत हलली असती, तर दांडी आणि भोपळ्याचा सांधा सुटला असता, बाहेरची फळी आत गेली नसती. फळी बाहेरून दबलेली आहे हे तर त्यांच्याच शाखेने लिहून दिलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मॅडम, अंदाजपत्रकाची मूळ प्रत पाठवा."

शेवटी दुरुस्ती आणि मिरजेची वाहतूक मिळून 16,300 रुपये त्यांनी मान्य केले. भाड्याचे 2,832 द्यायला ते तयार नव्हते. माल नागपूरला पोहोचला तर होता, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलेलं नाही, फुटलेली वस्तू पोहोचवणं ही सेवा नव्हे. पण तेवढ्या रकमेसाठी आयोगात जायचं नाही असं मी ठरवलं. समझोत्याच्या कागदावर मात्र "सदिच्छा" हा शब्द खोडायला लावला आणि त्या जागी "नुकसानभरपाईपोटी" असं लिहून घेतलं. तानपुरा माझ्याच मालकीचा राहील हेही त्यात घातलं, आणि रक्कम खात्यात जमा झाल्यावरच समझोता लागू होईल ही अट लिहून मग सही केली.