गाजराचा गाभा आणि वाटीचा मधला भाग

लेक सहा महिन्यांची झाली. मान तर तिने केव्हाच धरली होती, आता आधाराने बसायलाही लागली होती आणि आमच्या प्रत्येक घासाकडे टक लावून बघायची. डॉक्टर म्हणाले, करा सुरू. स्वयंपाक मला येतो, त्यामुळे एक गाजर वाफवून कुस्करायला असं काय लागतं, असंच मला वाटलं होतं.

पहिल्या दिवशी गाजर सोलून गोल चकत्या केल्या. भांड्यात थंड पाणी, वर चाळणी, झाकण, आणि लगेच घड्याळात बघून दहा मिनिटं. सुरीचं टोक घातलं तर अलगद आत गेलं. झालं म्हणून काट्याने कुस्करलं. लेकीने पहिला चमचा तोंडात घोळवला, तिला उबळ आली आणि सगळं जिभेने बाहेर. पुसताना माझ्या बोटाला कण लागले. चकत्यांची कड मऊ झाली होती, पण मधला फिकट गाभा तसाच होता.

ताईला फोन केला. तिचे दोन वाढवून झालेत.

"दहा मिनिटं कधीपासून मोजलीस?"

"गॅस पेटवल्यापासून."

"अरे, मग त्यातली निम्मी पाणी तापण्यात गेली! वाफ जोरात यायला लागली की मग चाळणी ठेव आणि तेव्हापासून मोज. आणि सारखं झाकण उघडून बघू नकोस."

दुसऱ्या दिवशी गाजर आधी उभं चिरलं, मग साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे केले. गाजर वरून जाड आणि खाली निमुळतं, त्यामुळे चकत्या सारख्या शिजतच नाहीत. तुकडे चाळणीत एकाच थरात पसरले, म्हणजे वाफ सगळीकडून लागते. वाफ आल्यापासून पंधरा मिनिटं लागली. लाल भोपळ्याचे तेवढेच तुकडे नंतर कधीतरी आठ-दहा मिनिटांतच झाले. पण घड्याळापेक्षा माझा भरवसा आता बोटांवर आहे. सगळ्यात जाड तुकडा जरा निवू द्यायचा आणि अंगठा नि बोटात दाबायचा. गाभ्यासकट त्याचा लगदा झाला तर झालं. सुरीवर विसंबू नये, धारदार सुरी अर्धवट शिजलेल्यातही सहज जाते.

कुस्करायचं मात्र गरम असतानाच, गार झाल्यावर गाठी राहतात. काट्याने दाबून मग बारीक गाळणीतून चमच्याच्या पाठीने घासलं की सुरुवातीच्या दिवसांपुरतं छान होतं. बटाटा मी एकदा मिक्सरमधून काढला आणि चक्क डिंक तयार झाला, चमचा उलटा केला तरी पडेना. पात्याने त्यातला स्टार्च मोकळा होतो, म्हणून बटाटा हातानेच कुस्करायचा. मीठ, साखर, मध काहीच घालायचं नाही. मध तर वर्षाच्या आत कशातच नाही. सैल करायला आईचं दूध घालतो, पण लगदा निवल्यावर आणि अगदी भरवायच्या वेळी. त्या दुधातल्या एन्झाइममुळे स्टार्च तुटतो, आणि बटाट्याचा लगदा वाटीत ठेवल्या ठेवल्या पातळ होत जातो. आधी मला वाटलं, मीच दूध जास्त ओतलं.

मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते निवण्याने. वाटीत काढून दहा मिनिटं ठेवलं, वरचा थेंब मनगटावर लावला, कोमट होता. सहज म्हणून तळाचा अर्धा चमचा मी स्वतः चाखला तर जीभ पोळली. घट्ट लगदा पाण्यासारखा आपोआप ढवळला जात नाही. वर साय धरल्यासारखा गार होतो आणि पोटात उष्णता धरून बसतो. तेव्हापासून पसरट ताटलीत पातळ थर देतो, पाच-सात मिनिटांत दोन-तीनदा उलथापालथ करतो आणि मधला भाग मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघतो. गरम किंवा गार काहीच जाणवलं नाही, तर ठीक. चमच्यावर फुंकर मारत नाही, आपल्या तोंडातले जंतू तिच्या घासात कशाला?

जास्तीचं केलेलं भरवण्याआधीच वेगळं काढतो, निवलं की लगेच झाकून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवतो. ते परत देताना आधी वाफा येईपर्यंत आतपर्यंत तापवायचं, मग पुन्हा ताटली, पुन्हा मनगट. हे एकदाच. मायक्रोवेव्ह वापरला तर ढवळणं आणखी महत्त्वाचं, एका कोपऱ्यात चटका आणि शेजारी गार असा प्रकार असतो. तिच्या उष्ट्या चमच्याने ढवळलेली वाटी मात्र ठेवत नाही, लाळ लागली की ते टिकत नाही.

नवी भाजी आली की दोन-तीन दिवस तीच, म्हणजे पुरळ किंवा उलटी झालीच तर कशाने ते कळतं. गाजराच्या त्या दुसऱ्या दिवशी तिने तीन छोटे चमचे खाल्ले आणि चौथ्याला ओठ घट्ट मिटून तोंड फिरवलं. उरलेलं बिनमिठाचं गाजर मी उभ्या उभ्या संपवलं.