हॉलमध्ये हरिपाठ: एक अर्ज परत आला, दुसरा चालला

आमची सोसायटी लातूरची, 32 फ्लॅटची. खालच्या कॉमन हॉलमध्ये रोज संध्याकाळी हरिपाठ करावा असं आम्हा बायकांच्या मनात आलं. मी अर्ज लिहिला: "रोज सायंकाळी सामुदायिक प्रार्थनेसाठी हॉल मिळावा ही विनंती." खाली 21 सह्या. एवढ्या सह्या बघून कमिटी नाही कशाला म्हणेल, असं वाटलं होतं.

मीटिंगनंतर सेक्रेटरी दारात आले. "काकू, सह्या 21 हायेत, पण हॉलला भिंत लागून जी तीन घरं हायेत, त्यातली एक बी सही नाही की! आन् किती ते किती, माईक लावणार का, कुणाचं बारसं आलं तर काय, ह्यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही."

खरं होतं. त्रास होणार त्या घरांना मी विचारलंच नव्हतं.

मग तिन्ही घरी गेले. एकात दहावीचा मुलगा. त्याची आई म्हणाली, आवाज किती येतो तेवढं दाखवा. मी त्याच्या खोलीत दार लावून बसले, खाली बाकीच्यांनी दोन अभंग म्हटले. म्हणणं अगदी पुसट यायचं, टाळ मात्र थेट डोक्यात. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे म्हणतात, पण तो आकडा त्या पोराला सांगून काय उपयोग! टाळ फक्त एकादशीला, एरवी टाळ्या, असं तिथंच ठरलं. मग तिन्ही घरांनी सह्या दिल्या.

दुसऱ्या अर्जात सगळं उघड लिहिलं. वेळ 7 ते 7.45, माईक नाही, वर्गणी नाही, यायला सगळ्यांना मोकळीक. हॉल कुणी कार्यक्रमाला घेतला असेल त्या दिवशी आम्ही गच्चीवर बसू. लाइटबिलाचाही हिशेब मांडला: सहा पंखे नि चार ट्यूब धरून साधारण 530 वॅट, म्हणजे पाऊण तासाला 0.4 युनिट, महिन्याला 12. ते पैसे आम्ही भरू. एका सभासदाचा प्रश्न होता, उद्या दुसऱ्या धर्माच्या लोकांनी मागितलं तर? म्हणून हे वाक्य घातलं: "या परवानगीने हॉलवर आमचा कायमचा हक्क राहणार नाही, इतर रहिवाशांनी प्रार्थनेसाठी हॉल मागितल्यास त्यांनाही याच अटींवर द्यावा." आमच्यातल्या दोघींना ते रुचलं नाही. मी काढलं नाही.

अर्जाच्या दोन प्रती केल्या, एकीवर तारखेसह पोच घेतली. पहिल्या वेळी तीही घेतली नव्हती. कमिटीनं ठराव करून तीन महिन्यांची परवानगी दिली, पुढं चालवायचं की नाही ते त्यानंतर बघणार. ठरावाची नक्कल मी मागून घेतली. तोंडी "हो" वर बसलं की कमिटी बदलली की उठावं लागतं.

आता किल्ली वॉचमन मामांकडं असते. मी 6.50 ला वहीत सही करून घेते, आणि 7.50 ला परत देते.