आमची वाटचाल: ३१ तारखेच्या ९६ ऑर्डरी

आम्ही दोघांनी सुरुवात केली ती डॅशबोर्ड बनवण्यापासून. तपासणी हे वेगळं काम आहे हे तेव्हा डोक्यातही नव्हतं. आलेख दिसतोय, फिल्टर चालतोय, म्हणजे झालं, असा आमचा हिशोब.

मग एका ग्राहकाचा फोन आला. ऑक्टोबर २०२४ च्या ऑर्डरी त्यांच्या मूळ नोंदींत ३,११२ होत्या, आमच्या डॅशबोर्डवर ३,०१६. फरक ९६ चा. दोन दिवस आम्ही जॉइन तपासत बसलो, तिथे काहीच नव्हतं. शेवटी सहकारी म्हणाली, "अहो, एकेक दिवस मोजून बघू या." १ ते ३० तारखा तंतोतंत जुळल्या. ३१ तारखेला मूळ नोंदी ९७, आमच्याकडे फक्त एक!

दोष या ओळीत होता:

```sql
WHERE order_time BETWEEN '2024-10-01' AND '2024-10-31'
```

ऑर्डरीच्या रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल, तर इथली '2024-10-31' म्हणजे ३१ तारखेचे 00:00:00. पुढचा अख्खा दिवस बाहेर. जी एक ऑर्डर मोजली गेली, ती फाइलमधून वेळेशिवाय आली होती, म्हणून तिच्यावर मध्यरात्रीचा शिक्का बसला होता. आलेख आठवड्यांचा असल्याने कुणाला शंकाही आली नाही. महिना गुरुवारी संपला, तेव्हा शेवटची पट्टी आखूडच असणार, असं सगळ्यांनी धरलं. आणि आमचा चाचणीचा डेटा? त्यात नुसत्या तारखा होत्या, त्यामुळे तो दरवेळी पास. ही चूक निखळ आमचीच.

दुरुस्ती सोपी होती:

```sql
WHERE order_time >= '2024-10-01'
  AND order_time <  '2024-11-01'
```

तेव्हापासून चाचणीच्या डेटात शेवटच्या दिवशीची 23:59:59 ची एक नोंद आणि पुढच्या दिवशीची 00:00:00 ची एक नोंद आम्ही मुद्दाम घालतो. पहिली मोजली गेली पाहिजे, दुसरी नाही. शिवाय महिन्याची बेरीज आणि रोजच्या बेरजांची बेरीज, दोन्ही मूळ टेबलावर वेगळ्या लिहिलेल्या क्वेरीशी ताडतो. डॅशबोर्डचीच क्वेरी उचलून ताडलं तर चूक दोन्हीकडे सारखीच येते.

फिल्टरचंही तसंच. एका कामात "सर्व विभाग" निवडलं की बेरीज घटायची, फिल्टर काढला की बरोबर. "सर्व" म्हणजे आतून IN ची यादी होती, आणि विभाग रिकामा, म्हणजे NULL, असलेल्या नोंदी त्या यादीत कधीच बसत नाहीत. आता अशा नोंदींसाठी "विभाग नाही" असा पर्याय आम्ही मागूनच घेतो.

मात्र बेरजेची ही कसोटी सरसकट लावता येत नाही. नव्या मुलाने एकदा तावातावाने दोष नोंदवला की रोजच्या ग्राहकांची बेरीज महिन्याच्या ग्राहकसंख्येपेक्षा जास्त येते. येणारच. सोमवारी आणि गुरुवारी आलेला एकच माणूस रोजच्या मोजणीत दोनदा येतो, महिन्याच्या मोजणीत एकदाच. तो दोष आम्ही बंद केला, पण त्या आकड्याखाली "प्रत्येक ग्राहक एकदाच मोजला" ही ओळ नव्हती, ती मात्र घालून घेतली.