कटचा दुसरा महिना, आणि नव्या मेंबरांशी बोललेलं

आधी माझी नोंद. रोज सकाळी केलेल्या वजनांची आठवड्याची सरासरी महिन्याभरात ७८.४ किलोवरून ७७.३ वर आलीय. स्क्वॉट १०० किलोवर, पाच-पाच रेप्सचे सेट, ताकद जागच्या जागी. कटमध्ये, म्हणजे चरबी उतरवण्याच्या काळात, मला एवढंच हवं असतं.

या महिन्यात कोचनं नव्या मेंबरांशी दहा मिनिटं खाण्याबद्दल बोलायला सांगितलं. मॅक्रो म्हणजे प्रोटीन, कार्ब आणि फॅट, हे त्यांना माहीत होतं. काहीजण तर ग्रॅमच्या दशांशापर्यंत नोंदी करत होते. म्हणून मी विषय एकाच गोष्टीपुरता ठेवला: अचूक मोजणं आणि रोज मोजणं यांतलं एकच जमणार असेल, तर रोजचं निवडा.

फळ्यावर दोन माणसं मांडली. दोघांचंही वजन २४०० कॅलरींवर स्थिर राहतं. पहिला सोमवार ते शुक्रवार काट्यावर तोलून बरोब्बर २००० खातो, पण शनिवार-रविवार नोंदच नाही आणि पोटात जातात रोज ३२००. आठवड्याचे झाले १६४००, म्हणजे दिवसाला साधारण २३४३. आठवड्याभरात तूट जेमतेम ४०० कॅलरींची. दुसरा वाटीनं आणि चमच्यानं मोजतो. त्याचा एखादा दिवस १९०० चा, एखादा २२५० चा, पण सातही दिवस तशाच अंदाजानं जातात आणि सरासरी येते २१००. त्याची तूट २१०० ची. एक किलो चरबीला ढोबळमानानं ७७०० कॅलरी धरल्या, तर महिन्यात पहिल्याची २०० ग्रॅमच्या आसपास उतरेल, दुसऱ्याची किलोभर. पहिल्याला तर आपलं काही उतरलंय हेही कळणार नाही, कारण नुसत्या पाण्यानं वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं.

एका मुलीनं लगेच विचारलं, ‘पण दुसऱ्याचा अंदाजच चुकीचा असेल तर?’

त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. समजा, तो वहीत २१०० लिहितो, पण तेल डोळ्यांनी ओततो. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. असे अडीच चमचे रोज सुटले की खरा आकडा २४०० होतो आणि वजन हलत नाही. तीन आठवडे सरासरी तिथेच दिसली की त्यानं वहीतला आकडा दोन टप्प्यांत १८०० वर आणायचा आणि मोजायची पद्धत तीच ठेवायची. वहीतला आकडा खोटाच राहतो, पण चूक रोज सारखीच असल्यामुळे तूट मात्र खरी पडते. पाच दिवस काटेकोर आणि दोन दिवस कोरे असतील, तर वजन थांबल्यावर दुरुस्ती कुठे करायची हेच समजत नाही. बहुतेकजण मग सोमवारचं जेवण आणखी कापतात आणि शनिवारी दुप्पट भूक घेऊन बसतात.

दशांशाचा आग्रह तसाही टिकत नाही. तोच भात शिजल्यावर पाणी पिऊन वजनाला अडीच-तीन पट होतो. कच्च्या १०० ग्रॅमच्या साधारण ३५० कॅलरी, शिजलेल्या १०० ग्रॅमच्या १३०. ॲपमध्ये चुकीची ओळ निवडली की काट्याची सगळी मेहनत वाया. कच्चं तोला किंवा शिजलेलं, पण रोज एकच. कार्ब आणि फॅटची आपसातली वाटणी थोडी सरकली तरी मी लक्ष देत नाही. प्रोटीनला मात्र एक खालची मर्यादा ठेवतो: व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास पुरतं. माझ्यासाठी ते सव्वाशे ग्रॅम होतात. एखाद्या दिवशी ११५ झाले, तर रात्री उठून शेक पिण्याची गरज नाही.

वजनी गटात उतरणाऱ्यांना आणि स्टेजवर जाणाऱ्यांना शेवटच्या काही आठवड्यांत बारीक मोजमाप लागतं, तेही सांगितलं. ज्यांना डॉक्टरांनी आहार आखून दिलाय, त्यांनी तोच पाळायचा.

शेवटी विचारलं गेलं, आकडा बदलण्याआधी किती थांबायचं. एका दिवसाच्या वजनावर काहीच बदलायचं नाही. आदल्या रात्री खारट किंवा कार्ब जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवतं. कार्ब स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी येतं. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांच्या सरासऱ्या शेजारी ठेवायच्या. बायकांनी पाळीच्या चक्रातला हा आठवडा मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघायचा, नाहीतर पाळीआधीचं पाणी चरबी समजून जेवण उगाच कापलं जातं. आणि फरक दिसलाच नाही, तर एका वेळी १५०-२०० कॅलरींपेक्षा जास्त हात लावायचा नाही.