बॉट बोलतो, टॉकबॅकही बोलतो: कोणी कधी थांबायचं?

वीजबिलाच्या चौकशीचा चॅटबॉट तयार होऊनच माझ्याकडे आला होता. काम एवढंच होतं की तो स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालला पाहिजे. आमच्या टीममधल्या एक मॅडम जन्मापासून दृष्टिहीन आहेत. त्यांनी संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून एक प्रश्न विचारला आणि म्हणाल्या, "अहो, हा बोलतोय की तोतरतोय?"

एनव्हीडीएचा स्पीच व्ह्यूअर उघडला. जे बोललं जातं ते त्यात लिहून दिसतं. तिथे "तुमचं", "तुमचं बिल", "तुमचं बिल भरण्याची" अशी रांग लागली होती. उत्तर पडद्यावर शब्दाशब्दाने उमटत होतं आणि तो सगळा भाग लाइव्ह रीजन होता, म्हणजे त्यात काही बदललं की स्क्रीन रीडर ते आपणहून वाचतो. त्यामुळे दर नव्या शब्दाला वाक्य पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांना ते टाइप होणं छान वाटतं, कानाला छळ.

मग दोन्ही वेगळं केलं. दिसणाऱ्या संभाषणाचं लाइव्हपण काढलं आणि पानावर सुरुवातीपासूनच एक न दिसणारी, रिकामी लाइव्ह पेटी ठेवली:

```html
<div role="log" class="sr-only" lang="mr"></div>
```

वाक्य पूर्ण झालं की तेवढंच यात जोडायचं. उत्तर वाचून झाल्यावर पेटी रिकामी करायची, नाहीतर बाणाच्या कळांनी फिरताना तेच उत्तर दोनदा लागतं. पेटी आयत्या वेळी मजकुरासकट तयार केली, तर बऱ्याचदा काहीच ऐकू येत नाही. `lang="mr"` दिसणाऱ्या उत्तरांनाही लावलं. ते नसलं की मराठी इंग्रजी आवाजाच्या हाती जातं, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी सरळ गाळून टाकतात.

आवाजी इनपुटने जास्त घाम काढला. फोनवर माइकचं बटण दाबलं की त्याचं नाव बदलून "ऐकत आहे" होई. अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर टॉकबॅक ते मोठ्याने वाची, उघडा माइक ते ऐके आणि मजकुराच्या चौकटीत "ऐकत आहे बिल किती" असं उमटे. इयरफोन लावून तपासणाऱ्यांना हे कधी दिसलंच नव्हतं. आता बटणाचं नाव बदलत नाही. आधी वाचन थांबतं, मग एक छोटा टिंग वाजतो आणि त्यानंतरच माइक उघडतो.

ऐकलेलं वाक्य आपोआप पाठवायचं नाही, असा हट्ट मॅडमनी धरला, आणि तो रास्त होता. 12 अंकी ग्राहक क्रमांकात एक अंक चुकला तरी बघून पकडता येत नाही. तो परत वाचून दाखवताना आवाज त्याला अब्जावधीतली रक्कम समजायचा. म्हणून वाचनाच्या मजकुरात अंकांमध्ये जागा सोडली आणि दर चार अंकांनंतर स्वल्पविराम टाकला. पाठवताना मात्र हे सगळं काढून टाकावं लागतं.

गोंगाटात मराठी आकडे अजूनही चुकतात. बसमध्ये मॅडम क्रमांक कीबोर्डनेच टाकतात, म्हणून अंकांचा कीपॅड आपोआप उघडेल अशी सोय ठेवली आहे.