माझा अनुभव: जादा कापलेले २१२ रुपये ४० पैसे

इंदूरच्या ज्या कंपनीत मी बिलिंगचे सॉफ्टवेअर सांभाळतो, तिथे महिन्याच्या १ तारखेला सकाळी सहा वाजता ग्राहकांच्या खात्यांतून मासिक वर्गणी आपोआप वसूल होते. जुन्या योजनेची वर्गणी जीएसटी धरून ११८० रुपये आहे, म्हणजे १००० रुपये मूळ किंमत आणि १८ टक्क्यांप्रमाणे १८० रुपये कर. त्या १ तारखेला मात्र ग्राहकांकडून १३९२ रुपये ४० पैसे कापले गेले. दुपारपर्यंत वसुली थांबवली होती, चूकही सापडली होती. मॅनेजर मॅडमनी संध्याकाळी एवढेच सांगितले, "उद्या दहा वाजता मला वर उत्तर द्यायचं आहे. काय झालं, का झालं आणि पुन्हा का होणार नाही, हे मला समजेल असं लिहून द्या."

लोकमान्यनगरच्या घरी रात्री बसून मी तीन पाने लिहिली आणि ती सगळी वाया गेली. त्यांत घटनाक्रम होता, लॉगमधल्या ओळी होत्या, आणि कारण म्हणून लिहिले होते की मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतला बदल, तपासताना सहकाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. सकाळी पुन्हा वाचताना लक्षात आले की हे कारणच नव्हे. नजर कोणाचीही चुकते. ती चुकल्यावर ग्राहकाच्या खात्यापर्यंत जाणारी वाट मोकळी का होती, हे सांगायला हवे होते. शिवाय ते मायग्रेशन मी स्वतःही मंजूर केले होते, हे मी सोयीस्करपणे गाळले होते. मग ती पाने बाजूला ठेवून अहवाल नव्याने लिहिला.

पहिल्या परिच्छेदात फक्त आकडे ठेवले. ४१२ ग्राहकांच्या वसुल्या चुकीच्या रकमेने पाठवल्या गेल्या. त्यांपैकी ३१८ यशस्वी झाल्या आणि ९४ नाकारल्या गेल्या. प्रत्येकी २१२ रुपये ४० पैसे जादा, म्हणून परत द्यायची एकूण रक्कम ६७,५४३ रुपये २० पैसे.

कारण मात्र सविस्तर लिहिणे भाग होते. नव्या योजनांचे दर कर वगळून ठरवायचे असल्याने दर कर धरून आहे की नाही, हे सांगणारा एक नवा रकाना आम्ही योजनांच्या तक्त्यात घातला. ती ओळ अशी होती:

```sql
ALTER TABLE plans
  ADD COLUMN tax_inclusive BOOLEAN
  NOT NULL DEFAULT FALSE;
```

यातला शेवटचा शब्द नडला. जुनी योजना कर धरूनच होती, पण तिच्याबद्दल कोणी काहीच न सांगितल्याने डेटाबेसने तिलाही "कर धरलेला नाही" असे लावून टाकले. त्यामुळे प्रणालीने ११८० ही मूळ किंमत मानली आणि तिच्यावर पुन्हा १८ टक्के, म्हणजे २१२ रुपये ४० पैसे कर चढवला. चाचण्यांमध्ये हे दिसले नाही, कारण प्रत्येक चाचणी स्वतःची नवी योजना तयार करून त्या रकान्यात योग्य उत्तर भरत होती. जुनी नोंद नव्या नियमाखाली कशी वागते, हे कोणत्याही चाचणीने विचारलेच नव्हते.

मॅडमनी कच्चा मसुदा वाचून विचारले, "कळलं कधी, आणि त्याआधी कळायला हवं होतं का?" या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मला सगळ्यात अवघडल्यासारखे झाले. ऑटोपेच्या वसुलीची पूर्वसूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी जावी लागते आणि तिच्यात रक्कम असते. चुकीची रक्कम त्या सूचनेतच गेली होती. म्हणजे ग्राहकांना आमच्या एक दिवस आधी चूक दिसत होती. दोघांनी तसे ईमेलही पाठवले होते, पण ते दुसऱ्या दिवशी उघडले गेले. दुसरी खूण त्या ९४ नकारांत होती. या ग्राहकांनी मॅन्डेट, म्हणजे आपोआप वसुलीची परवानगी, देताना कमाल मर्यादा १२०० रुपये ठेवली होती, म्हणून बँकांनी १३९२ ची मागणी फेटाळली. आम्ही सकाळी ते नकार पाहिले आणि बँकेकडे काही बिघाड असेल असे समजून तासभर वाट पाहिली. नकाराचे कारण म्हणून मर्यादा ओलांडल्याचे स्पष्ट लिहून आले होते; आम्ही फक्त नकारांची संख्या पाहत होतो.

दुरुस्तीत रकान्यातले मूल्य बदलणे पाच मिनिटांचे काम होते. पैसे परत करणे तितके सरळ नव्हते. माझा समज असा की जादा कापलेले २१२.४० हे सगळे करापोटीच गेले, तेव्हा तेवढा कर परत दाखवला की झाले. हिशेब पाहणाऱ्या काकांनी कागदावर दोन ओळी मांडून मला थांबवले. चुकीच्या इन्व्हॉइसमध्ये मूळ किंमत ११८० आणि कर २१२.४० होता, असायला हवे होते १००० आणि १८०. म्हणजे फरक मूळ किमतीत १८० रुपयांचा आणि करात फक्त ३२ रुपये ४० पैशांचा. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ खालची क्रेडिट नोट, म्हणजे इन्व्हॉइसमध्ये जादा लावलेली रक्कम कमी करणारा कागद, याच दोन आकड्यांनी काढावी लागते. माझ्या पद्धतीने काढली असती, तर विवरणपत्रात कर उणा पडला असता. ज्या ग्राहकांची जीएसटी नोंदणी आहे, ते इन्व्हॉइसवरच्या कराचे क्रेडिट घेतात, म्हणून त्यांना नुसते पैसे पाठवून भागत नाही, नोटही पोचवावी लागते.

परताव्याच्या कामाला प्रत्येक इन्व्हॉइसचा क्रमांक हीच एकमेव ओळख दिली, जेणेकरून ते काम मध्येच तुटून पुन्हा चालवले तरी एकाच ग्राहकाला दोनदा पैसे जाऊ नयेत. ते खरोखरच एकदा तुटले. आधी दहा जणांचे परतावे करून ताळा पाहिला, मग उरलेले सोडले. नाकारलेल्या ९४ वसुल्यांसाठी ११८० रुपयांची नवी पूर्वसूचना पाठवली. आमच्याकडे इन्व्हॉइस वसुलीनंतरच तयार होत असल्याने त्यांच्या क्रेडिट नोटचा प्रश्न आला नाही.

प्रतिबंधाच्या भागात मी आधी सात उपाय लिहिले होते. मॅडमनी विचारले की यांतले कोणते या महिन्यात होतील, आणि दोन उरले. पहिला असा की दर किंवा कर ठरवणाऱ्या रकान्याला आपोआप भरले जाणारे मूल्य द्यायचे नाही. रकाना रिकामा असेल तर त्या योजनेचे बिल निघणारच नाही. बिल न निघणे हीसुद्धा चूकच, पण ती आमच्या बाजूला अडकून राहते. दुसरा असा की ग्राहकाची योजना तीच असताना रक्कम मागच्या महिन्यापेक्षा वेगळी निघाली, तर सगळी यादी थांबवायची. ही तपासणी मी प्रथम वसुलीच्या आधी सुचवली होती; पूर्वसूचनेचा घोळ लिहून झाल्यावर ती सूचनेच्या आधी नेली. तिची मर्यादाही अहवालात लिहिली: नव्या ग्राहकाला मागचा महिना नसतो, म्हणून पहिल्या बिलाची चूक ती पकडू शकत नाही. अशा बिलांसाठी सध्या प्रत्येक योजनेचे एक बिल काका हाताने तपासतात.

अंतिम अहवाल दीड पानाचा झाला आणि मॅडमनी तो फारसा न बदलता वर पाठवला. त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने एकच वाक्य घातले, की ३१८ पैकी ७ परतावे बंद खात्यांमुळे परत आले असून त्या ग्राहकांकडून खाते क्रमांक मागवले आहेत. सातवा परतावा अठरा दिवसांनी गेला.